आज व्यायाम नाही, मग क्रिएटिन घ्यायचं का?

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात क्रिएटिनबद्दल विचारणारे पेशंट वाढले आहेत. आधी फक्त जिमला जाणारी मुलं विचारायची, आता त्यांचे वडीलही विचारतात. पहिला प्रश्न बहुधा किडनीचा असतो. त्याच्याकडे मी शेवटी येईन. दुसरा प्रश्न असतो तो असा: "ज्या दिवशी व्यायाम नाही, त्या दिवशीसुद्धा घ्यायचं का?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. व्यायाम नाही म्हणजे स्नायूंना काम नाही, काम नाही तर खुराक कशाला? वर पावडर स्वस्त नाही. चार दिवस वाचले तर डबा दुप्पट टिकेल.

हा हिशेब ऐकायला बरोबर वाटतो, पण तो चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. उत्तर 'हो, रोज घ्या' असं आहे. ते का, हे एकदा समजलं की एखाद्या दिवशी विसरलात तर काय करायचं, प्रवासात काय करायचं, डबा कितीचा घ्यायचा, या सगळ्याची उत्तरं तुमची तुम्हीच काढू शकाल.

हे चहासारखं नाही

चहा-कॉफीतलं कॅफिन घेतलं की अर्ध्या-पाऊण तासात तरतरी येते आणि काही तासांत ओसरते. त्यामुळे ते कधी घेतलं याला महत्त्व आहे. क्रिएटिनचं तसं नाही. आज सकाळी घेतलेल्या तीन ग्रॅमने आज संध्याकाळी वजन जास्त उचललं जाईल, असं होत नाही. घेतल्यावर साधारण तास-दोन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि काही तासांत पुन्हा खाली येतं. पण उपयोग रक्तातल्या क्रिएटिनचा नसतो. उपयोग असतो तो स्नायूंच्या आत साठलेल्या क्रिएटिनचा, आणि हा साठा दिवसादिवसाने, आठवड्यांनी बदलतो.

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं. त्यातलं जवळजवळ ९५ टक्के हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये असतं, म्हणजे मांड्या, पाठ, खांदे, दंड यांत. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश भागाला फॉस्फेट जोडलेलं असतं, त्याला फॉस्फोक्रिएटिन म्हणतात. स्नायूला एकदम जोर लावायचा असतो तेव्हा त्याचं खरं इंधन असलेलं एटीपी काही सेकंदांतच कमी पडू लागतं. त्या वेळी फॉस्फोक्रिएटिन आपलं फॉस्फेट देऊन एटीपी पुन्हा तयार करतं. शंभर मीटर धावणं, गोळा फेकणं, जड वजनाच्या सात-आठ उचल्या, अशा कामांत त्याचा उपयोग होतो. तासभर चालण्यात फारसा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फॉस्फेट देऊन टाकलं म्हणजे क्रिएटिन संपलं असं नाही. ते तिथेच, त्याच पेशीत राहतं. तुम्ही दोन सेटच्या मध्ये श्वास घेत बसता तेव्हा त्याला पुन्हा फॉस्फेट जोडलं जातं, आणि काही मिनिटांत ते जवळजवळ पहिल्यासारखं भरतं. व्यायामात क्रिएटिन 'वापरलं जातं', पण 'खर्च होत नाही'. मोबाइलची बॅटरी दिवसातून दहा वेळा उतरली आणि दहा वेळा चार्ज केली तरी बॅटरी खिशातच असते, तसंच.

मग ते कमी कशाने होतं? क्रिएटिनचा काही भाग आपोआप, कुठल्याही एन्झाइमच्या मदतीशिवाय, सतत क्रिएटिनिनमध्ये बदलत असतो. हे क्रिएटिनिन स्नायूंतून रक्तात येतं आणि लघवीवाटे बाहेर जातं. प्रमाण असतं दिवसाला साठ्याच्या साधारण पावणेदोन टक्के, म्हणजे १२० ग्रॅमांपैकी रोज सुमारे दोन ग्रॅम. सोमवारी जिमला गेलात तरी एवढं जातं आणि रविवारी लोळत पडलात तरी जवळपास तेवढंच जातं. झोपेतही जातं.

म्हणून 'व्यायाम नाही तर खर्च नाही' हे गृहीतकच चुकतं. गळती व्यायामामुळे नसते, साठ्यामुळे असते.

रांजणाचा हिशेब

जुन्या घरांत पाण्याचा मातीचा रांजण असायचा. तुम्ही त्यातून पाणी प्या किंवा न प्या, तो बाहेरून ओला दिसायचा, थोडंथोडं पाणी झिरपत राहायचं. आणि रांजण जितका जास्त भरलेला, तितकं झिरपणंही थोडं जास्त. स्नायूंतला साठा असाच आहे.

या रांजणात रोज भर दोन ठिकाणांहून पडते. एक, मूत्रपिंडं आणि यकृत मिळून काही अमायनो आम्लांपासून रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन बनवतात. दोन, मांस-मासे खाणाऱ्यांना आहारातून साधारण एक ग्रॅम मिळतं. शाकाहारी माणसाला आहारातून जवळजवळ काहीच मिळत नाही, दुधात अगदी थोडं असतं. म्हणून शाकाहारी लोकांच्या स्नायूंतला साठा सरासरीने कमी असतो, आणि पावडर सुरू केल्यावर त्यांचा रांजण बहुधा जास्त भरतो. याउलट, मांसाहारी माणसांत काहींचा रांजण मुळातच काठोकाठ असतो. त्यांना महिनाभर घेऊनही फरक जाणवत नाही.

पावडर घेतली की साठा साधारण वीस टक्के वाढतो, म्हणजे १२० चे सुमारे १४४ ग्रॅम. त्यापलीकडे स्नायू घेत नाहीत, जास्तीचं लघवीतून निघून जातं. पण आता गळतीही १४४ ग्रॅमांच्या पावणेदोन टक्के, म्हणजे रोज सुमारे अडीच ग्रॅम होते. शिवाय बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते. बंद केल्यावर ती पूर्ववत होते. थोडक्यात, भरलेला रांजण भरलेला ठेवायचा तर रोज दीड-दोन ग्रॅम तरी बाहेरून पडायला हवेत.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. स्वीडनमधल्या एरिक हल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे स्नायूंचे बारीक तुकडे काढून मोजलं. एका गटाने सहा दिवस रोज २० ग्रॅम घेतलं, तेव्हा साठा सुमारे २० टक्के वाढला. नंतर ज्यांनी रोज फक्त दोन ग्रॅम चालू ठेवलं त्यांचा साठा महिनाभर तसाच राहिला. ज्यांनी पूर्ण बंद केलं त्यांचा हळूहळू उतरत साधारण महिन्याभरात मूळ पातळीजवळ आला. आणि एका गटाने भरमसाट डोस न घेता पहिल्यापासून रोज तीन ग्रॅम घेतलं, त्यांचाही साठा २८ दिवसांत तेवढाच झाला. तिन्ही गटांच्या निकालांत 'रोज' हा शब्द आहे, हे लक्षात घ्या.

एक पाय पॅडलवर, एक पाय आरामात

विश्रांतीच्या दिवसाबद्दल मला सगळ्यात बोलका वाटतो तो याआधीचा, १९९२ चा प्रयोग. हॅरिस, सोडरलुंड आणि हल्टमन यांचा हा निबंध क्रिएटिनच्या आजच्या वापराची सुरुवात मानला जातो. त्यात काही लोकांना क्रिएटिन देताना रोज तासभर सायकल मारायला सांगितली, पण फक्त एका पायाने. दुसरा पाय विश्रांतीत. दोन्ही पायांना रक्त एकाच माणसाचं, डोस एकच, आहार एकच.

आधी स्नायूंतलं क्रिएटिन सरासरी ११८ होतं, एकक इथे महत्त्वाचं नाही. शेवटी व्यायाम केलेल्या पायात ते १६२ झालं. आणि काहीच न केलेल्या पायात? सुमारे १४८.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. व्यायामाने स्नायू क्रिएटिन जास्त ओढून घेतो हे खरं आहे, म्हणून व्यायामाच्या दिवशी ते व्यायामाच्या आसपास घेतलं तर चांगलंच. पण वाढीचा मोठा भाग विश्रांती घेणाऱ्या पायातही झाला. स्नायूला क्रिएटिन आत घेण्यासाठी व्यायामाची अट नाही. आत नेणारी वाहतूक व्यवस्था पेशीच्या आवरणावर असते आणि ती सुट्टी घेत नाही. तेव्हा 'व्यायाम केला नाही तर ते अंगी लागणार नाही, वाया जाईल' ही भीतीही खरी नाही.

एका मुलाचा हिशेब

हे सगळं एका पेशंटच्या बाबतीत मांडतो, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर येतील. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

चोवीस वर्षांचा मुलगा, वजन सत्तर किलो, घरचं जेवण शाकाहारी, पोलीस भरतीची तयारी. भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. त्याचा गोळा कमी पडत होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार जिम, बाकी दिवस धावणं किंवा विश्रांती. त्याने अडीचशे ग्रॅमचा डबा आणला होता आणि जिमच्या दिवशीच एक चमचा घेत होता. महिना झाला, काही फरक नाही. वडील शेतकरी, डब्याचे पैसे त्यांच्याकडून घेतलेले. तो वैतागून म्हणाला, "सर, हे सगळं फसवणूक आहे का? की मी दुप्पट घेऊ?"

मी त्याला डबा घेऊन यायला सांगितलं. डब्यातला चमचा पाच ग्रॅमचा आहे असं तो समजत होता. लेबलवर तीन ग्रॅम लिहिलं होतं. मग आम्ही कागदावर हिशेब केला.

आठवड्यातून तीनदा तीन ग्रॅम म्हणजे नऊ ग्रॅम. सातने भागलं तर दिवसाला सरासरी १.३ ग्रॅम. रोज दोन ग्रॅमने भरलेला रांजण टिकतो, आणि याला तर रिकामा रांजण भरायचा होता. चार आठवड्यांत त्याच्या पोटात गेले ३६ ग्रॅम. रोज तीन ग्रॅम घेतलं असतं तर ८४ गेले असते. हल्टमनच्या ज्या गटाचा साठा महिनाभरात भरला, त्यांच्या निम्म्याहूनही कमी. मधल्या चार दिवसांत झिरपणं चालूच होतं. क्रिएटिन त्याच्यावर काम करत नाही असं म्हणायला काही आधारच नव्हता, कारण त्याने ते पुरेसं घेतलंच नव्हतं.

"मग जिमच्या दिवशी सात ग्रॅम घेतलं तर? आठवड्याचे एकवीस होतात ना?" त्याने विचारलं. प्रश्न हुशारीचा होता. गणितात बेरीज जुळते, शरीरात पूर्ण जुळत नाही. एकदम मोठा डोस घेतला की रक्तातली पातळी उंच जाते आणि स्नायूंनी उचलण्याआधीच त्यातला जास्त वाटा लघवीत जातो. शिवाय काहींना एकदम जास्त घेतल्यावर पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. त्यामुळे पाच ग्रॅमच्या वर एका वेळी जाऊ नये असं मी सांगतो. रांजणात बादली ओतण्यापेक्षा तांब्यातांब्याने पाणी घातलं तर सांडत नाही.

त्याच्यासाठी आम्ही ठरवलं ते असं: रोज एक सपाट चमचा, म्हणजे तीन ग्रॅम. जिमच्या दिवशी जिमनंतरच्या जेवणाबरोबर, बाकी दिवशी सकाळच्या नाश्त्याबरोबर. त्याचा अडीचशे ग्रॅमचा डबा असा ८३ दिवस पुरतो. आधी त्याच्या पद्धतीने तो सहा महिने पुरला असता, पण सहा महिने रांजण अर्धवटच राहिला असता. स्वस्त पडलं असं वाटतं, प्रत्यक्षात सगळेच पैसे वाया.

एक इशाराही दिला. साठा वाढतो तेव्हा स्नायूंत पाणीही धरलं जातं आणि वजन किलो-दीड किलो वाढू शकतं. गोळाफेकीला आणि शंभर मीटरला फायदा होईल, पण १६०० मीटरला ते वजन वाहायचंच आहे. म्हणून चाचणीच्या महिनाभर आधी नव्याने सुरू करू नकोस, सुरू करायचंच तर आत्ता कर, म्हणजे त्या वजनासह धावण्याची सवय होईल. दोन महिन्यांनी त्याच्या गोळ्यात फरक पडला. तो सगळा क्रिएटिनमुळे पडला असं मी म्हणणार नाही, त्याने कसरतही वाढवली होती.

विसरलं तर काय

हाच हिशेब उलटा वापरा. भरलेल्या रांजणातून एका दिवसात जातं अडीच ग्रॅम, आणि त्यातलं थोडं शरीर स्वतः भरून काढतं. निव्वळ तूट दीड-दोन ग्रॅमची, म्हणजे साठ्याच्या एक-सव्वा टक्क्याची. एखादा दिवस चुकला तर काहीही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, नेहमीचा डोस घ्या. लग्नाला चार दिवस गावी गेलात आणि डबा घरी राहिला, तरी परत येऊन सुरू करा, पुन्हा 'लोडिंग' करायची गरज नाही. तीन-चार आठवडे बंद पडलं असेल तर मात्र पहिल्यापासून सुरू केलं असं समजा आणि महिनाभर थांबूनच परिणाम बघा.

म्हणजे चुकलेला एक रविवार ही समस्या नाही. समस्या आहे ती दर आठवड्याला ठरवून चुकवलेल्या चार दिवसांची, विशेषतः पहिल्या महिन्यात.

विश्रांतीच्या दिवशी वेळेची काळजी नको. जेवणाबरोबर घेतलं तर पोटाला बरं आणि लक्षातही राहतं. उपवासाच्या दिवशी पाण्यातून घेता येतं. बाजारातली पावडर कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनवलेली असते, मांसापासून काढलेली नसते, हे शाकाहारी मंडळींसाठी सांगून ठेवतो. फक्त एक काळजी घ्या. तुमचं क्रिएटिन जर 'प्री-वर्कआउट' मिश्रणातून येत असेल, तर त्यात बहुधा कॅफिनही असतं. ते मिश्रण सुट्टीच्या दिवशी घेण्यात अर्थ नाही, झोप मात्र जाईल. लेबलवर फक्त क्रिएटिन मोनोहायड्रेट लिहिलेली साधी पावडर वेगळी ठेवा.

आणि 'विश्रांतीचा दिवस' म्हणजे विश्रांतीचे सहा महिने नव्हेत. व्यायामच सुटला असेल तर नुसत्या पावडरीने स्नायू वाढत नाहीत. तेव्हा रांजण भरून ठेवण्याला फारसा अर्थ नाही, खुशाल थांबवा.

आता किडनी

वर लिहिलं की साठ्याचा पावणेदोन टक्के भाग रोज क्रिएटिनिन होऊन बाहेर जातो. आता साठाच वाढला तर क्रिएटिनिनही वाढणार, हे उघड आहे. नेमकं हेच क्रिएटिनिन आपण किडनीच्या तपासणीत मोजतो. त्या मुलाने पुढे एका पॅकेजमध्ये रक्त तपासलं, तेव्हा क्रिएटिनिन १.१ वरून १.४ झालं होतं आणि संगणकाने काढलेला किडनीच्या कामाचा आकडाही खाली आला होता. आई घाबरून रिपोर्ट घेऊन आली. "डॉक्टर, पावडरीने किडनी गेली का हो याची?"

त्याची लघवी तपासली, प्रथिनं जात नव्हती. रक्तात सिस्टॅटिन-सी मोजलं. हा पदार्थ स्नायूंच्या साठ्यावर किंवा क्रिएटिनवर अवलंबून नसतो. तो नॉर्मल होता. म्हणजे गाळणी ठीक होती, गाळायला येणारा माल वाढला होता. आदल्या दिवशी जड व्यायाम झाला असेल तरी क्रिएटिनिन थोडं वर दिसतं. म्हणून रक्त देताना 'मी क्रिएटिन घेतो' हे तपासणाऱ्या डॉक्टरला सांगा. न सांगितल्यास विनाकारण भीती, आणि कधीकधी विनाकारण पुढच्या तपासण्या मागे लागतात.

पण ही गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. ज्याच्या किडनीला खरोखर इजा आहे, त्याचा वाढलेला आकडा 'पावडरीमुळेच असेल' म्हणून दुर्लक्षित होऊ शकतो. म्हणून ज्यांना आधीच किडनीचा आजार आहे, एकच मूत्रपिंड आहे, मधुमेह किंवा रक्तदाबामुळे लघवीतून प्रथिनं जातात, किंवा दुखण्याच्या गोळ्या वारंवार चालू आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही नको. बाकी निरोगी माणसाने सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनिन आणि लघवी तपासून तो रिपोर्ट जपून ठेवावा. पुढे कधी आकडा वाढला तर तुलना करायला काहीतरी हातात असतं. त्या मुलाकडे १.१ चा जुना रिपोर्ट होता, म्हणूनच आमचं काम सोपं झालं.